सोसायटीच्या हॉलमधली प्रश्नमंजुषा : लहान-मोठे दोघंही शेवटपर्यंत बसतील असा कोणता प्रकार आहे?

इंदिरानगरवासी
मंडळी, आमची सोसायटी नाशिकला इंदिरानगरमध्ये आहे. २६ जानेवारीला संध्याकाळी हॉलमध्ये प्रश्नमंजुषा ठेवायची असं ठरलंय आणि ते घोंगडं माझ्या गळ्यात आलंय. माणसं साधारण शंभर, त्यात निम्मी मुलं. मागच्या वर्षी नेहमीसारखंच केलं होतं. चार विंगचे चार संघ, एका संघाला प्रश्न, नाही आला की पुढच्याला पास. पहिला अर्धा तास बरा गेला. मग आईवडील मोबाईलमध्ये, लहान मुलं खुर्च्यांखाली आणि मागच्या रांगेतले आजोबा प्रत्येक उत्तर मोठ्याने सांगणार. स्टेजवरची स्कॉलरशिपवाली दोन-तीन मुलंच खेळत होती. मुलांसाठी सोपे प्रश्न ठेवले की मोठे कंटाळतात, उलट केलं की मुलं. कोणी असं काही केलंय का की दोघंही जागचे हलले नाहीत?

कटिंगचहा
दारं बाहेरून लावून घ्या. कोणी हलणार नाही.
(दिवे घ्या)

खडूफळा
मी शाळेत पंचवीसेक वर्षं हे करत आले आहे. उपाय एकच, बझर. पास पद्धतीत बाकीचे झोपतात हे खरं आहे. बझर ठेवला की चारही संघ प्रत्येक प्रश्नाला कान टवकारून बसतात. आमच्या शाळेत इलेक्ट्रिकलच्या एका पालकांनी चार बटणांचा बोर्ड बनवून दिला होता. ज्याने आधी दाबलं त्याचाच दिवा लागायचा, बाकीची बटणं बंद. घंटा किंवा शिट्ट्या ठेवू नका, कोणाची आधी वाजली यावरून भांडणं होतात.

आयटीतलाभाऊ
आजच्या जमान्यात बझर कशाला बनवताय? कहूट वापरा. पडद्यावर प्रश्न, प्रत्येकाच्या मोबाईलवर चार रंग, शंभर जण एकदम खेळतील. गुण आपोआप.

खडूफळा
भाऊ, आजोबांच्या हातात मोबाईल दिला की आधी ते सकाळचे सुविचार फॉरवर्ड करतील, मग उत्तर देतील.

सिडकोची_सई
आम्ही गणपतीत कहूट करून बघितलं. तळघरातला हॉल, रेंजच येईना. निम्मे लोक आतच शिरू शकले नाहीत. दुसरं म्हणजे त्यात लवकर उत्तर दिलं की जास्त गुण मिळतात. त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुलं वर आणि चष्मा शोधणारे सगळे खाली. मुलांना मात्र फार आवडलं, हे सांगायला हवं.

पंचवटीकर_आई
चांगला विषय. माझा मुलगा सहावीत आहे, जनरल नॉलेज अगदी कच्चं. कोणतं पुस्तक चांगलं आहे? प्रश्न-उत्तर स्वरूपातलं असेल तर बरं.

कटिंगचहा
ताई, हा धागा तो नाही, पण थांबा, तासाभरात त्यावरही पन्नास प्रतिसाद येतील.

प्रश्नपिसाट
कॉलेजपासून क्विझिंग करतोय, आता नाशकात शाळांसाठी आणि सोसायट्यांसाठी घेतो. धागाकर्त्यांनी एक गोष्ट तपासून बघावी. मागच्या वर्षी एका प्रश्नाला किती वेळ जात होता? चार संघ, प्रत्येकाला विचार करायला पंधरा-वीस सेकंद. कोणालाच आलं नाही तर एक मिनिटाहून जास्त वेळ जातो आणि त्या वेळात एकावेळी एकच संघ विचार करत असतो. बाकीचे तीन संघ आणि सगळा हॉल नुसता बसून. प्रश्न सोपा की अवघड हा मुद्दा नंतरचा. हाताला काम नसलेला माणूस उठून जातो, मग तो आठ वर्षांचा असो की अठ्ठ्याहत्तर.

पास पद्धतीत अजून एक खोट आहे. प्रत्येक संघाला ठरलेला प्रश्न आणि न आल्यास शेजाऱ्याला, असं असेल तर कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्याची चंगळ. त्याला स्वतःचे प्रश्न मिळतात आणि शेजाऱ्याचं उरलंसुरलं पण. कोण कुठे बसलं यावर निकाल लागतो. क्विझवाले यावर इन्फिनिट बाउन्स वापरतात. ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू, आणि निम्मा खेळ झाला की फिरण्याची दिशा उलटी. त्याने अन्याय कमी होतो, कंटाळा तेवढाच राहतो.

बझरचं म्हणाल तर मॅडम, माफ करा, पण तो हात चपळ असलेल्यांचा खेळ आहे. संघात आजी असेल तर तिचं बोट बटणापर्यंत जाईतो सातवीतल्या पोराने दाबलेलं असतं, बरेचदा प्रश्न पूर्ण ऐकायच्या आधीच. बीबीसीच्या युनिव्हर्सिटी चॅलेंजमध्ये बझरच्या प्रश्नाला दहा गुण आणि प्रश्न तोडून चूक केली तर पाच वजा, ते याचसाठी.

सोसायटीसाठी मी एकच गोष्ट करतो. प्रत्येक प्रश्न प्रत्येक संघाला, उत्तर लिहून द्यायचं. तीस सेकंद, मग सगळ्यांनी एकदम वर धरायचं. सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न, असं धरून प्रश्नाला दोन मिनिटं लागतात. पाऊण तासात वीस-बावीस प्रश्न होतात आणि तेवढे पुरे. पन्नास प्रश्न काढून आलात तर मुलं खुर्च्यांखालीच जाणार.

खडूफळा
सगळ्यांनी लिहायचं ही वर्गातली चाचणीच झाली की! पाटीपूजन करून घ्यायचंय का?

प्रश्नपिसाट
चाचणीत शेजाऱ्याशी बोलता येत नाही, इथे बोलल्याशिवाय उत्तर येत नाही. फरक तिथेच आहे. म्हणून विंगवार संघ मोडा. प्रत्येक संघात एक प्राथमिकचं मूल, एक हायस्कूलचं, एक आईबाबांच्या वयाचं, एक साठीच्या पुढचं. आणि लिहिणार सगळ्यात लहान.

सिडकोची_सई
हे आम्ही केलं होतं. बाबा कानात सांगतात, पोरगं लिहितं. त्याच्या हाती फक्त खडू. त्याला काय मजा?

प्रश्नपिसाट
बरोबर, नुसत्या नियमाने ते होत नाही. प्रश्नच असा हवा की अर्धं उत्तर एकाकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे. एक उदाहरण सविस्तर देतो.

"पावणेतीन रुपयांत किती आणे?"

रुपयाचे सोळा आणे हे आजोबांना माहीत. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यामुळे मुलांच्या आईबाबांनीही आण्यांत हिशेब केलेला नसतो. आजोबा "सोळा आणे" म्हणतात. मग अडतं ते पावणेतीनवर. इंग्रजी माध्यमातल्या पोराला पावणेतीन म्हणजे काय तेच कळत नाही, आई सांगते "टू पॉइंट सेव्हन फाइव्ह". मग हायस्कूलचा गडी गुणाकार करतो, ४४. धाकटी लिहिते. चौघांपैकी एकही नसता तर उत्तर अडलं असतं. आणि हॉलमधले बाकीचे सगळे आपापल्या खुर्चीत हाच हिशेब करत असतात, कारण प्रत्येकाच्या शेजारी कोणीतरी अर्धं माहीत असलेलं बसलेलं असतं.

तसंच "अडीच मणात किती शेर". मणाचे चाळीस शेर, म्हणजे शंभर. उत्तर गोल आलं की मुलांना आपण बरोबर आहोत हे आपोआप कळतं, म्हणून पहिला हा द्यावा आणि पावणेतीनचा नंतर.

अंबडएमआयडीसी
अवांतर : माझ्या मुलीला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात अजून गोंधळ होतो. आजी फोनवर नंबर सांगते, ही भलत्याच माणसाला लावते.

कटिंगचहा
आमच्याकडे 'सव्वा' म्हटलं की पोरगं विचारतं, सव्वा की सेवा?

आयटीतलाभाऊ
आता इथून मराठी माध्यम विरुद्ध इंग्रजी माध्यम सुरू होणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

इंदिरानगरवासी
कृपया नको! प्रश्नपिसाट, संघातल्या सोळा-वीस जणांचं झालं. पण उरलेल्या ऐंशी जणांचं काय? आमचे आजोबा प्रेक्षकांतूनच ओरडत होते.

नाट्यवेडा
ओरडणाऱ्या आजोबांना संघात घ्या. हे मी गंभीरपणे म्हणतोय. हौशी नाटकांत हेच करतात, जास्त बडबडणाऱ्याला प्रॉम्प्टिंगला बसवतात.

प्रश्नपिसाट
प्रेक्षकांसाठी सुरुवातीलाच एक फेरी ठेवा, संघ जाहीर करायच्या आधी. सगळा हॉल उभा करा. मी एक वाक्य सांगणार. खरं वाटलं तर हात डोक्यावर, खोटं वाटलं तर कमरेवर. चुकलात की बसायचं. शेवटी उभे राहतील ते चार-पाच जण म्हणजे प्रेक्षकांचा संघ, पाचवा संघ म्हणून स्टेजवर.

वाक्य अशी हवीत की निम्मे चुकतील. शंभरातले निम्मे-निम्मे बसत गेले तर चार-पाच वाक्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. प्रत्यक्षात निम्मे होत नाहीत, म्हणून आठेक वाक्यं हाताशी ठेवा. उदाहरणार्थ "महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला नाशिक जिल्ह्यात आहे." पुष्कळ जण कळसूबाई आठवून गडबडतात, पण कळसूबाई शिखर आहे, किल्ला नाही. साल्हेर बागलाणात आहे, म्हणजे वाक्य खरं. किंवा "महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ लोणार आहे." खोटं, नांदूर मधमेश्वर.

एक दगाफटका सांभाळा. मुलं शेजारच्या मोठ्या माणसाकडे बघून हात ठेवतात आणि तो माणूस भलतीकडे बघत असतो, त्यामुळे अख्खी रांग एकदम चुकते. "डोळे मिटा, एक-दोन-तीन" म्हणून हात ठेवायला लावा आणि मग डोळे उघडा. अख्खी रांग एकदम बसली तर समजा की नक्कल चालू आहे.

गोदाघाट
हे भारी आहे. पण साल्हेर-कळसूबाईवरून वाद घालणारा ट्रेकर प्रत्येक सोसायटीत एक असतोच. आमच्याकडे तो मीच.

खडूफळा
डोळे मिटायचं शाळेत मी पण करते. ठीक आहे, या फेरीला माझी हरकत नाही. पण लिहून द्यायच्या फेऱ्यांत चढाओढ येत नाही. सगळ्यांनाच दहा-दहा मिळत राहिले तर शेवटी पाचही संघ जवळपास एकाच गुणांवर राहतील. बझरमध्ये निदान आघाडी-पिछाडी दिसते.

प्रश्नपिसाट
हे मात्र खरं आहे. साध्या लेखी फेरीत गुण पसरत नाहीत. म्हणून मधली फेरी खुणांची. तीन खुणा, ३०-२०-१० गुण. संघाने केव्हाही कागद उलटा आणून द्यायचा, पण एकदाच. नाशिकसाठी माझा आवडता :

३० : मी गोदाकाठी मोजपट्टीचं काम करतो, पण माझ्या अंगावर एकही आकडा नाही.
२० : पावसाळ्यात माझं किती अंग बुडालं याची बातमी होते.
१० : मला दोन तोंडं आहेत.

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, दुतोंड्या मारुती. जुना नाशिककर पहिल्या खुणेला उठतो. इथे नवीन आलेला दुसरीला अंदाज बांधतो. तिसरीला सात वर्षांची पोरगी सांगते, कारण तिने तो पाहिलेला असतो, त्याचं काम काय ते तिला माहीत नसतं. खरी गंमत दुसऱ्या खुणेनंतर येते. आता देऊन टाकायचं की थांबायचं, यावर संघात जी कुजबुज होते ती अख्खा हॉल बघत असतो. चढाओढ इथे दिसते, बटण न दाबता.

अंबडएमआयडीसी
आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे खानदेशातले, काही यूपीचे, एक कुटुंब केरळचं. दुतोंड्या मारुती, नारोशंकराची घंटा हे प्रश्न काढले की ते लोक बाजूला पडतात. गेल्या खेपेला एक बाई सरळ म्हणाल्या, हमें तो कुछ आता ही नहीं. मग त्या परत आल्याच नाहीत.

गोदाघाट
नारोशंकराची घंटा तर मूळ नाशिककरालाही नीट माहीत नसते. वसई १७३९ ला जिंकल्यावर तिथली पोर्तुगीज घंटा इथे आली, हे किती जणांना माहीत आहे? उलट असं नवीन माणसाला आवडतं.

अंबडएमआयडीसी
ऐकायला आवडतं, पण गुण मिळत नाहीत ना. मी म्हणतो प्रश्न हिंदीतही वाचावा.

नाट्यवेडा
दोन भाषांत वाचलं की खेळाची लय जाते. पडद्यावर हिंदीत लिहा, तोंडाने मराठीत वाचा.

प्रश्नपिसाट
स्थानिक प्रश्न तीन-चारच्या वर नकोत, एवढं मी पाळतो. बाकी मला पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. अशा हॉलमध्ये अंदाजाची फेरी सगळ्यात न्याय्य असते, कारण नेमकं उत्तर कोणालाच येत नसतं. पडद्यावर आधी एक आधार द्या : कळसूबाई १६४६ मीटर. मग विचारा, साल्हेर किती? प्रत्येक संघ आकडा लिहितो, सर्वात जवळच्याला २०, त्यानंतरच्याला १०. उत्तर १५६७. आधार दिल्यामुळे पोरं "त्यापेक्षा कमीच असणार" इथून सुरुवात करतात आणि वाद घालतात. आधार दिला नाही तर कोणी ८०० लिहितं, कोणी ५०००, आणि तो नुसता मटका होतो.

पंचवटीकर_आई
माझा मुलगा अशा ठिकाणी तोंडच उघडत नाही. संघात घेतला तरी गप्प. लिहायला दिलं तर लिहील बहुतेक. त्याचं अक्षर चांगलं आहे.

सिडकोची_सई
ताई, मग त्याला पाठवाच. लिहिणारा हवाच असतो.

कटिंगचहा
निगेटिव्ह मार्किंग ठेवा. त्याशिवाय मजा नाही. केबीसीत चुकलं की खाली आपटतो, म्हणूनच लोक श्वास रोखून बघतात.

खडूफळा
मुलांच्या खेळात वजा गुण अजिबात नको. एकदा एका चौथीतल्या मुलीच्या उत्तराने संघाचे पाच गेले आणि तिच्याशी संघातली मोठी मुलंच बोलेनात.

प्रश्नपिसाट
लेखी फेऱ्यांत वजाची गरजच पडत नाही, कारण घाई करून कोणाचं काही हिरावता येत नाही. खुणांच्या फेरीत पहिल्या खुणेला चुकलात तर बाकीच्या दोन खुणा गेल्या, तेवढी शिक्षा पुरते. केबीसीत समोर एकच माणूस आणि त्याचे पैसे असतात, म्हणून तिथे ते चालतं.

कटिंगचहा
मी माझ्या मतावर ठाम आहे. निदान बाबा लोकांना तरी वजा लावा.

गोदाघाट
प्रश्नांच्या शब्दांबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे क्विझमास्टरने विचारलं, "भारतातला पहिला चित्रपट कोणता?" अपेक्षित उत्तर राजा हरिश्चंद्र, फाळके आपल्या त्र्यंबकचे म्हणून. एका काकांनी श्री पुंडलिक लिहिलं. दादासाहेब तोरण्यांचा तो चित्रपट मे १९१२ मध्ये दाखवला गेला, राजा हरिश्चंद्र मे १९१३ मध्ये. मग तो चित्रपट म्हणावा की नाटकाचं चित्रीकरण, यावर हॉलमध्ये वीस मिनिटं चर्चासत्र. मुलं घरी गेली.

नाट्यवेडा
काकांचं बरोबर होतं.

गोदाघाट
अर्धं बरोबर होतं, तेच तर! नाटकाचं चित्रीकरण होतं, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं.

प्रश्नपिसाट
असे वाद प्रश्न लिहितानाच मिटवायचे. "पहिला", "सर्वात मोठा", "सर्वात जुना" दिसलं की मी प्रश्न उलटा करतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दिग्दर्शकाचा मे १९१३ मध्ये दाखवला गेलेला चित्रपट कोणता, असं विचारलं की काकांनाही भांडता येत नाही. आणि आदल्या दिवशी सगळे प्रश्न एका खेळात नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो जिथे "म्हणजे?" म्हणेल तो प्रश्न बदला.

इंदिरानगरवासी
खूप काही मिळालं. आता असं ठरवतोय : आधी सगळ्या हॉलची डोकं-कंबर फेरी, त्यातून पाचवा संघ. मग आठ लेखी प्रश्न, चार खुणांचे, चार अंदाजाचे. चहापान मध्ये नाही, शेवटी. वजा गुण नाहीत, कटिंगचहांनी क्षमा करावी. हिंदी पडद्यावर. आजोबांना संघात घेतोय, त्यांनी होकार दिलाय, अट एवढीच की माईक त्यांच्याजवळ हवा. एक शंका. उत्तरं लिहायला पाट्या मेनरोडला मिळतील, घेऊ का?

सिडकोची_सई
पाट्या नका घेऊ. ट्यूबलाइटखाली खडूचं अक्षर तिसऱ्या रांगेच्या पुढे दिसत नाही. ए-थ्री कागद आणि जाड मार्कर घ्या, संघामागे वीस कागद. अक्षर बोटभर उंच काढायला सांगा. मार्करची टोपणं मुलं हरवतात, दोन जास्तीचे ठेवा.

खडूफळा
गुण लिहिणारी दोन माणसं ठेवा, एक फळ्यावर आणि एक वहीत. फळ्यावरचा माणूस बेरजेत चुकतो आणि ती चूक मागच्या रांगेतल्या मुलांना सगळ्यात आधी दिसते. सरसकट बझर काढला ते मला अजून पटलेलं नाही, पण तुमचा कार्यक्रम आहे.

इंदिरानगरवासी
बरोबरी झाली तर?

प्रश्नपिसाट
एकच अंदाजाचा प्रश्न राखून ठेवा आणि तो फक्त बरोबरीतल्या संघांना द्या. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत गोदावरीची लांबी किती किलोमीटर? १४६५. दोघांचे आकडे तंतोतंत सारखे येणं अवघड, त्यामुळे एका प्रश्नात निकाल लागतो. फक्त दोघांचे कागद आधी गोळा करा, मग वाचा, नाहीतर दुसरा पहिल्याचा आकडा बघून एकाने वाढवतो.

खडूफळा
आणि त्या वेळी बझर लावला तर?

प्रश्नपिसाट
मॅडम, बरोबरीसाठी लावा, तिथे मी हरकत घेणार नाही. फक्त आजींना बटणाजवळ बसवा.